लेक्चरची सुरुवात आणि शेवट वाचल्यासारखा वाटतो : कारण कुठे असतं आणि दुरुस्ती कशी करायची

तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपात येते. ऑनलाइन कोर्सचं लेक्चर रेकॉर्ड झालंय, मधला भाग चांगला जमलाय, फळ्यावर उदाहरण सोडवताना सर अगदी मोकळे बोलतायत. पण पहिलं अर्धं मिनिट आणि शेवटचं एक मिनिट ऐकलं, की कुणीतरी परिपत्रक वाचून दाखवतंय असं वाटतं. मग पुन्हा टेक होतो. ‘जरा हसून बोला’, ‘कॅमेऱ्याकडे बघा’ अशा सूचना होतात. हसू येतं, नजर सरळ होते, आवाज मात्र तसाच राहतो. पुढच्या व्हिडिओत पुन्हा तेच.

नागपुरात पॉलिटेक्निक आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकांच्या संहिता मी रेकॉर्डिंगच्या आधी तपासते. माझ्याकडे येणाऱ्या अडचणींत ही सगळ्यात हट्टी आहे, कारण ती बोलण्याची अडचण समजून दुरुस्त केली जाते आणि असते ती लिहिण्याची. तोच माणूस मधली आठ मिनिटं सहज बोलू शकतो, म्हणजे त्याच्या आवाजात खोट नाही. खोट त्या दोन जागी हातात असलेल्या वाक्यांत आहे.

आधी खात्री करून घ्या. रेकॉर्डिंगमधलं चित्र बंद करा आणि फक्त आवाज ऐका : पहिली चाळीस सेकंदं, मग मधलं कुठलंही एक मिनिट, मग शेवटचं मिनिट. वाचनाचा आवाज दोन गोष्टींवरून ओळखता येतो. एक, प्रत्येक वाक्याचा शेवट एकाच उतारानं खाली येतो, ‘...शकेल’, ‘...पाहिले’, ‘...होते’, सगळे सारखे. दोन, श्वास अर्थाच्या जागी घेतला जात नाही, कागदावरची किंवा प्रॉम्प्टरवरची ओळ संपते तिथे घेतला जातो. मधल्या मिनिटात या दोन्ही गोष्टी नसतील आणि टोकांना असतील, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. मधल्या मिनिटातही असतील, तर अख्खी संहिताच लेखी भाषेत आहे आणि काम मोठं आहे.

ही दोन टोकंच का बिघडतात

मधला भाग शिक्षकानं वर्गात वर्षानुवर्षं बोललेला असतो. त्याची वाक्यं तोंडात तयार झालेली असतात. सुरुवातीला असतं ध्येयाचं वाक्य, म्हणजे या व्हिडिओतून काय शिकायचं ते. ते मात्र अभ्यासक्रमाच्या कागदावरून उचललेलं असतं आणि तो कागद विद्यार्थ्यासाठी लिहिलेलाच नसतो. तो समितीसाठी, मान्यतेसाठी, तक्त्यातल्या रकान्यासाठी लिहिलेला असतो. म्हणून त्यात विद्यार्थी ‘तो’ असतो : ‘विद्यार्थी गणना करू शकेल’. समोर बसलेल्या मुलाला आपण त्याच्याबद्दल तृतीयपुरुषात काहीतरी सांगतोय, आणि आवाज ते लगेच उघडं पाडतो.

शेवटी येणाऱ्या उजळणीचं तसंच. ती बहुतेक वेळा अनुक्रमणिकेवरून लिहिली जाते. ‘अशा प्रकारे आज आपण अमुक म्हणजे काय, तमुकचे प्रकार किती आणि त्याचे उपयोग कोणते हे पाहिले.’ या वाक्यात लेक्चरमधलं काहीच नाही. ज्यानं लेक्चर पाहिलंच नाही तोही शीर्षकं बघून हे लिहू शकेल. बोलणाऱ्याला ते आतून जाणवतं, आणि ज्या वाक्यात सांगण्यासारखं काही नाही ते माणूस वाचूनच दाखवतो.

एक प्रत्यक्ष संहिता घेते. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या एक मॅडम. विषय घरातल्या उपकरणांचा वीजवापर, व्हिडिओ नऊ मिनिटांचा. सुरुवात अशी होती :

> प्रस्तुत घटकाच्या अध्ययनानंतर विद्यार्थी विद्युत ऊर्जेची संकल्पना समजून घेईल, तिचे व्यावहारिक एकक सांगू शकेल व घरगुती उपकरणांच्या वीजवापराची गणना करू शकेल.

यातली ‘समजून घेईल’ ही क्रिया आधी काढली. मुलाला समजलं की नाही हे त्याचं त्यालाही बाहेरून तपासता येत नाही. रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये शिकण्याच्या उद्दिष्टाचे तीन भाग सांगितले : दिसेल अशी कृती, ती कुठल्या परिस्थितीत करायची आणि किती चांगली जमली म्हणजे पुरे. ही मांडणी कागदासाठी म्हणून सांगितली जाते, पण बोलण्यासाठी ती जास्त कामाची आहे, कारण कृती दिसली की वाक्याला चित्र मिळतं. इथली कृती एकच : युनिट काढणं, म्हणजे वॉट गुणिले तास, भागिले हजार. ऊर्जेची संकल्पना आणि एकक हे त्या वाटेवरचे टप्पे आहेत, ते सुरुवातीला जाहीर करायची गरज नाही. नऊ मिनिटांच्या व्हिडिओला एक ध्येय पुरतं. तीन सांगितली की यादी होते, आणि यादी बोलता येत नाही.

मग मी मॅडमना म्हटलं, “कागद उलटा ठेवा आणि मला सांगा, हा व्हिडिओ पाहून मुलाला काय करता आलं पाहिजे?” फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, “अहो, बिल आलं का पोट्टे म्हणतात गीझरनं खाल्लं. हजार-दोन हजार वॉट पाहिले का घाबरतात. पण मे महिन्यातला कूलर रात्रभर चालून राहिला, त्याचं काय? ते त्यांना काढता आलं पाहिजे. वॉट पाहा, तास पाहा, युनिट काढा.”

ध्येय इथेच आहे, आणि ते कागदावरच्या वाक्यापेक्षा नेमकं आहे. हे बोलणं आम्ही जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि त्यावरून नवी सुरुवात लिहिली :

> डिसेंबरात घरी गीझर चालतो. दोन हजार वॉटचा, पाऊण तास. मे महिन्यात कूलर चालतो. दोनशेच वॉटचा, पण रात्रभर, दहा तास. रोजचे युनिट कुणाचे जास्त पडतात? अंदाज करा आणि वहीत लिहून ठेवा. हा व्हिडिओ संपेल तेव्हा घरातल्या कुठल्याही उपकरणावरचे वॉट वाचून, त्याचे रोजचे युनिट तुम्हाला स्वतःला काढता येतील.

ध्येयाचं वाक्य शेवटचं आहे आणि ते पूर्ण आहे. ‘उपकरणावरचे वॉट वाचून’ ही परिस्थिती, ‘रोजचे युनिट काढता येतील’ ही कृती, आणि आकडा बरोबर आला की पुरे. कोर्स तपासणाऱ्यांना हवं असतं ते सगळं त्यात आहे, त्यामुळे ‘ध्येय स्पष्ट सांगितलेलं नाही’ असा शेरा येत नाही. फरक इतकाच, की त्याच्या आधी एक प्रश्न आला आणि त्या प्रश्नाचं उत्तर आत्ता देता येत नाही हे मुलाला कळलं. त्यामुळे शेवटचं वाक्य त्या प्रश्नाला जोडून येतं आणि बोलणारा ते आपोआप त्या जोडणीनंच म्हणतो. प्रश्न काढून नुसतं शेवटचं वाक्य ठेवून पाहा, आवाज पुन्हा सपाट होतो.

एक मोह इथे होतो, तो टाळा. गीझरचा थर्मोस्टॅट पाणी तापल्यावर प्रवाह तोडतो, म्हणजे पाऊण तास बटण चालू असलं तरी वीज पूर्ण पाऊण तास जात नाही. मॅडमना हे सुरुवातीलाच सांगायचं होतं, कारण त्या विषयाशी प्रामाणिक आहेत. पण ध्येयात अटी घातल्या की वाक्य पुन्हा लेखी होतं. ‘पाणी पाऊण तास सलग तापतंय असं धरू’ ही ओळ आम्ही मधल्या भागात, गणित सुरू होताना ठेवली. तिथे ती हवीच.

मूळ औपचारिक वाक्य फेकून द्यायचं नाही. स्वयम्‌सारख्या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या कोर्समध्ये व्हिडिओच्या जोडीला लिखित मजकुराचा वेगळा भाग असतो. ते वाक्य तिथे, त्याच्या जागी, बरोबर आहे. तोंडात ते नको.

मराठीत आणखी एक खोच

शब्द बोलीतले निवडले, तरी लिहिण्याची पद्धत आवाज बिघडवते. संहितेत ‘आपण पाहिले, उत्तर आले, गणित सोडवले’ असं लिहिलं असेल, तर कॅमेऱ्यासमोर तोंडातून ‘पाहिले, आले, सोडवले’ हेच निघतं. घरी तोच माणूस ‘पाहिलं, आलं, सोडवलं’ म्हणतो. डोळ्यांना एकार दिसला की जीभ एकार म्हणते, तिथे विचार करायला वेळ नसतो. म्हणून संहिता टाइप करतानाच अनुस्वार द्या : केलं, झालं, सांगितलं, मिनिटं, पाणी तापतं. एवढ्या एका बदलानं निम्मं वाचन जातं असं मी अनेक संहितांत पाहिलं आहे. टाइप करणारे मदतनीस हे ‘शुद्ध’ करून परत देतात, त्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं.

तसंच आकड्यांचं. ‘0.75 तास’ असं लिहिलं तर बोलणारा क्षणभर अडखळतो आणि ‘शून्य दशांश सात पाच’ म्हणतो. ‘पाऊण तास’ लिहा. स्लाइडवर आकडा, संहितेत अक्षरं. ‘द्वारे’, ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘करण्यात येते’ यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको.

वाक्याची लांबीही बघा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘जे’, ‘ज्यामध्ये’, ‘असलेल्या’ यांची रांग लावली की बोलणाऱ्याला क्रियापदापर्यंत श्वास धरून ठेवावा लागतो. वर नव्या सुरुवातीत ‘दोन हजार वॉटचा, पाऊण तास’ याला क्रियापदच नाही. कागदावर ते अर्धवट दिसतं. कानाला ते पूर्ण असतं.

नागपूरकडचे शिक्षक मला हमखास विचारतात, ‘चालून राहिला’ असं चालेल का? माझं मत असं : मधल्या समजावणीत तुमच्या तोंडी ते येत असेल तर राहू द्या, ते पुसायला गेलात तर बाकीचंही आखडतं. कोर्स कोकणातल्या मुलापर्यंतही जाणार असेल तर ध्येयाचं एक वाक्य आणि उजळणीतला प्रश्न तेवढा सगळीकडे सारखा कळेल असा ठेवा.

उजळणी : सांगू नका, विचारा

मॅडमची मूळ उजळणी वर दिलेल्या ‘अशा प्रकारे आज आपण’ पद्धतीचीच होती. तिच्यावर नेहमी होणारा उपाय म्हणजे तिला प्रश्नोत्तर करणं : ‘तर आज आपण काय शिकलो? आज आपण शिकलो की...’ हा उपाय लागू पडत नाही. प्रश्न विचारून त्याच श्वासात स्वतःच उत्तर दिलं, तर तो प्रश्न नव्हताच हे ऐकणाऱ्याला कळतं, आणि तो व्हिडिओ तिथेच बंद करतो.

उजळणीत मुलानं काहीतरी आठवून काढायला हवं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला प्रयोग यासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. व्हिडिओच्या शेवटी मुद्दे वाचून दाखवले की मुलाला त्या वेळी ‘हो, कळलं’ असं वाटतं, ते त्या पाच मिनिटांतलं असतं.

नवी उजळणी अशी झाली :

> वहीतला अंदाज बघा. गीझर दीड युनिट, कूलर दोन. वॉट दहापट कमी, तरी कूलर पुढे, कारण तो रात्रभर चालतो. आता हे तुमचं. पाण्याची मोटर, साडेसातशे वॉट, रोज वीस मिनिटं. किती युनिट? (पाच सेकंद गप्प.) पाव युनिट. तुमचं पंधरा आलं असेल, तर मिनिटांचे तास करायचे राहिले. वीस मिनिटं म्हणजे तासाचा तिसरा हिस्सा. साडेसातशेचा तिसरा हिस्सा अडीचशे, हजारानं भागा, पाव.

पहिल्या दोन वाक्यांत सुरुवातीचा प्रश्न मिटवला. त्यानंतरचं उदाहरण मुद्दाम नवं आहे आणि मुद्दाम मिनिटांत आहे. लेक्चरमधलंच उदाहरण पुन्हा विचारलं तर मूल उत्तर आठवतं, रीत आठवत नाही. ‘पंधरा’ हा आकडा तर या उजळणीतला सगळ्यात मोलाचा. साडेसातशे गुणिले वीस, भागिले हजार : ही चूक वर्गात दरवर्षी होते, आणि मॅडमना ती तोंडपाठ आहे. ती सांगताना त्यांचा आवाज बदलला, कारण आता त्या एका खऱ्या मुलाशी बोलत होत्या. तुमच्या विषयातली अशी नेहमीची चूक शोधा आणि उजळणी तिच्याभोवती लिहा. ती सापडत नसेल, तर मागच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका काढून बसा.

ती पाच सेकंदं जपावी लागतात. बोलणाऱ्याला ती फार लांब वाटतात आणि तो दोन सेकंदांत उत्तर देतो. मनात सावकाश पाच मोजायचे. त्याहून मोठा धोका संकलनात आहे : शांत जागा आपोआप कापणारी सोय चालू असेल तर तुमचा विराम सगळ्यात आधी जातो. संकलकाला संहितेवर ‘इथे कापू नका’ असं लिहून द्या, आणि त्या वेळेत पडद्यावर फक्त ‘750 W, 20 min’ ठेवा.

पडद्यावर अख्खं वाक्य ठेवायचं नाही, ध्येयाचंही नाही. रिचर्ड मेयर यांच्या संशोधनात हे वारंवार आलं आहे, की चित्र दिसत असताना जे ऐकू येतंय तेच शब्दशः लिहूनही दाखवलं तर शिकणं कमी होतं. आवाजाच्या बाजूनंही त्रास होतो. समोर स्वतःचं वाक्य दिसलं की शिक्षक ते वाचतोच, कितीही ठरवलं तरी.

रेकॉर्ड करताना

संहिता सुधारूनही वाचन ऐकू येत असेल, तर प्रॉम्प्टर बघा. प्रॉम्प्टर जवळ असला आणि ओळी रुंद असल्या की डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना दिसतात. तो मागे न्या, अक्षरं मोठी करा, ओळीत तीन-चारच शब्द ठेवा. पण ध्येय आणि उजळणी या दोन जागी मी तो बंदच करायला सांगते. त्याऐवजी कॅमेऱ्याखाली एक कागद चिकटवायचा : ‘गीझर 2000, पाऊण / कूलर 200, दहा / अंदाज / वॉट वाचून युनिट’. एवढंच. पाठही करायचं नाही. पाठ केलेलं वाचनापेक्षा वाईट ऐकू येतं, कारण शब्द विसरण्याची भीती आवाजात उतरते.

सुरुवात सगळ्यात शेवटी रेकॉर्ड करा. आधी मधला भाग, लगेच उजळणी, आणि मग ध्येय. तोवर आवाज मोकळा झालेला असतो आणि आपण प्रत्यक्षात काय शिकवलं हे माहीत असतं. मॅडमनी मधल्या भागात एक उदाहरण वाढवलं होतं. ध्येय आधी रेकॉर्ड केलं असतं तर ते जुनंच राहिलं असतं. फक्त बैठक एकच ठेवा, माइकचं अंतर बदलू नका. नागपुरात उन्हाळ्यात यासाठी सकाळी सहा-सातची वेळ बरी. दुपारी कूलर बंद करून मधला भाग घेतला आणि उकाडा असह्य झाला म्हणून सुरुवातीला तो चालू केला, तर जोडणीच्या जागी घरघर एकदम थांबते आणि सुरुवात वेगळ्या माणसाची वाटते.

पडताळणी सोपी आहे. सुरुवातीचा तुकडा विषय न शिकलेल्या कुणाला तरी ऐकवा आणि विचारा, “हे पाहून तुला काय करता येईल?” उत्तर ‘विजेबद्दल काहीतरी’ असं आलं तर ध्येय पोहोचलं नाही, आवाज कितीही गोड असो. मॅडमच्या नव्या सुरुवातीनंतर त्यांचा भाचा म्हणाला, “कूलरचे युनिट काढता येतील. पण मावशी, जास्त कोण खातं?”

जिथे गणित नाही

इतिहासाच्या सरांनी विचारलं, आमच्याकडे युनिट कुठून आणायचे? त्यांचं लेक्चर विदर्भाला एका मराठी राज्यात घेण्याबाबतच्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर होतं आणि ध्येय होतं ‘विद्यार्थी कराराचे महत्त्व स्पष्ट करेल’. तिथे आम्ही प्रश्न धरला तो रोजच्या बातम्यांतला : राजधानी मुंबईत असताना विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात कशासाठी भरतं? व्हिडिओच्या शेवटी मुलानं करारातली तरतूद दाखवून उत्तर द्यायचं, हे ध्येय. उजळणीत सरांनी विचारलं, “कुणी म्हणालं, हिवाळ्यात इथली हवा बरी म्हणून येतात, तर त्याला करारातलं काय दाखवाल?” मग विराम, मग उत्तर : वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात घेण्याची तरतूद. रीत तीच, फक्त गणिताच्या जागी पुरावा आला.

व्याख्यांच्या लेक्चरला हे सगळ्यात कमी लागू पडतं. नुसत्या पाच संज्ञा सांगायच्या असतील तर ध्येय ओढूनताणून प्रश्नात घालू नका. दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टी समोर ठेवा आणि कुठली कोणती हे ओळखायला सांगा. तेही जमत नसेल तर त्या मजकुराला व्हिडिओची गरज नाही, एक पान लिहून द्या.

आणि हे सगळं जमल्यावरही आठव्या-दहाव्या व्हिडिओत वाचन परत येऊ शकतं. तेव्हा बहुतेक वेळा जुन्या संहितेची प्रत काढून फक्त आकडे बदललेले असतात, ‘अंदाज करा आणि वहीत लिहून ठेवा’ हे दरवेळी त्याच जागी, त्याच शब्दांत. कोऱ्या पानापासून लिहू नका आणि जुन्या पानावरही लिहू नका. फोनचं रेकॉर्डिंग चालू करा, शेजारी कुणाला तरी बसवा आणि त्यांना विचारायला सांगा : हा व्हिडिओ पाहून मुलाला काय करता आलं पाहिजे?